सीगल: स्वस्तात घेतलेली तेजी आणि तिची खरी किंमत

शेअर बाजार वर जाणार असे वाटत असताना ऑप्शनच्या बाजारात पैसे लावण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे कॉल विकत घेणे. कॉल घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने, म्हणजे स्ट्राइकने, खरेदी करण्याचा हक्क मिळतो. बाजार वर गेला तर त्या हक्काची किंमत वाढते आणि खाली आला तर फक्त भरलेला प्रीमियम बुडतो. अडचण एवढीच की हा प्रीमियम बऱ्याचदा महाग असतो. निवडणूक, अर्थसंकल्प किंवा रिझर्व्ह बँकेचा निर्णय अशा घटनेच्या तोंडावर तो आणखी महागतो, आणि नेमके तेव्हाच लोकांना कॉल हवा असतो. हा खर्च कमी करण्यासाठी जे मार्ग निघाले, त्यांपैकी एकाचे नाव आहे सीगल. त्याच्या नफ्यातोट्याची रेघ कागदावर काढली तर ती पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. परकीय चलनाच्या बाजारात आयातदार आणि निर्यातदार कंपन्या ही रचना वापरत आल्या आहेत, आणि निर्देशांकावर किंवा शेअरवर व्यवहार करणारेही ती बांधतात.

तेजीच्या सीगलमध्ये तीन व्यवहार एकत्र असतात. पहिला, बाजारभावाच्या आसपासचा एक कॉल विकत घ्यायचा. दुसरा, त्याहून वरच्या स्ट्राइकचा कॉल विकायचा. या दोघांना मिळून कॉल स्प्रेड म्हणतात. तिसरा, बाजारभावाच्या खालच्या स्ट्राइकचा पुट विकायचा. तिन्हींची एक्स्पायरी आणि संख्या सारखीच. वरचा कॉल विकून काही प्रीमियम हाती येतो आणि खालचा पुट विकून आणखी येतो. या दोन रकमांतून पहिल्या कॉलची किंमत बहुतांशी भागते, कधी कधी पूर्णही भागते. सीगल जवळजवळ फुकट पडतो, असे म्हणतात ते याच अर्थाने.

या तीन व्यवहारांत मनात एक फरक कायम ठेवावा लागतो. वरचा कॉल विकणारा आपल्या नफ्याला मर्यादा घालून घेतो. पुट विकणारा मात्र दुसऱ्याच्या तोट्याची हमी घेतो, जशी विमा कंपनी हप्ता घेऊन अपघाताची घेते. कॉल विकून होते ते नुकसान न मिळालेल्या नफ्याचे असते. पुट विकून होते ते नुकसान खिशातून जाणाऱ्या रोख पैशाचे असते. खर्च वाचवण्याच्या हिशेबात दोन्ही प्रीमियम एकाच बेरजेत बसतात. त्यांच्या जोखमी मात्र एका जातीच्या नाहीत.

प्रत्यक्ष हिशेब: ३ जून २०२४

ही रचना कशी चालते आणि कुठे मोडते हे पाहायला २०२४ च्या लोकसभा निकालाचे दिवस फार उपयोगी आहेत. १ जूनच्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या आल्या. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी सव्वातीन टक्के वर जाऊन २३,२६३.९० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी होती. बाजारात तेजीची आशा होती, पण अनिश्चितताही मोठी होती, त्यामुळे ऑप्शन महाग होते.

समजा, त्या संध्याकाळच्या भावांवर एखाद्याने २७ जूनच्या मासिक एक्स्पायरीचा सीगल बांधला. पुढील प्रीमियम त्या वेळच्या चढउताराच्या अपेक्षेवरून सूत्राने काढलेले आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून गोळाबेरीज केलेले आहेत. ते प्रत्यक्ष सौद्यांचे भाव नव्हेत. २३,३०० चा कॉल ५०० पॉइंटांना घेतला. २४,००० चा कॉल २०० पॉइंटांना विकला. २२,८०० चा पुट २६० पॉइंटांना विकला. ५०० दिले, ४६० आले, खर्च राहिला ४० पॉइंट. लॉटचा आकार एक्सचेंज वेळोवेळी बदलते, म्हणून इथे हिशेबापुरते ७५ युनिट धरू. म्हणजे खिशातून गेले ३,००० रुपये.

तेच मत नुसता कॉल घेऊन मांडले असते तर ३७,५०० रुपये लागले असते आणि ना नफा ना तोटा पातळी २३,८०० वर गेली असती. कॉल स्प्रेडला ३०० पॉइंट, म्हणजे २२,५०० रुपये लागले असते. त्याची ना नफा ना तोटा पातळी २३,६०० आणि जास्तीत जास्त नफा ४०० पॉइंट. सीगलमध्ये ही पातळी २३,३४० वर येते आणि नफा ६६० पॉइंटांपर्यंत, म्हणजे ४९,५०० रुपयांपर्यंत जातो. बाजार नुसता जागच्या जागी राहिला तरी तोटा ४० पॉइंटांच्या पुढे जात नाही. कागदावर तीन रचना शेजारी ठेवल्या तर सीगल उजवाच दिसतो.

आता एक्स्पायरीच्या दिवसाचे चित्र पातळीनुसार पाहू. निफ्टी २४,००० च्या वर कितीही गेला तरी नफा ६६० पॉइंटांवर थांबतो. २३,३०० ते २४,००० च्या दरम्यान नफ्याची रेघ चढत जाते. २२,८०० ते २३,३०० च्या दरम्यान रेघ सपाट असते, तोटा फक्त ४० पॉइंट. २२,८०० च्या खाली मात्र निफ्टीचा प्रत्येक पॉइंट हा तोट्याचा एक पॉइंट. ही उतरण कुठेही थांबत नाही.

या चित्रातला एक आकडा स्वतंत्रपणे काढून ठेवण्यासारखा आहे. साध्या कॉल स्प्रेडमध्ये काहीही झाले तरी ३०० पॉइंटांहून जास्त बुडत नाहीत. सीगलचा तोटा ३०० ला कधी पोहोचतो? निफ्टी २२,५४० वर आला की. म्हणजे ३ जूनच्या बंद भावापासून फक्त ३.१ टक्क्यांच्या घसरणीपर्यंत सीगल स्प्रेडपेक्षा चांगला आहे आणि त्याच्या खाली तो वाईट आहे. प्रीमियमचे वाचलेले २६० पॉइंट म्हणजे या ३.१ टक्क्यांच्या पलीकडच्या सगळ्या घसरणीची किंमत. कुठलाही सीगल बांधण्यापूर्वी ही छेदपातळी काढावी आणि बाजार तिथे जाण्याची शक्यता किती, हा प्रश्न विचारावा. केवळ ४० पॉइंटांचा खर्च पाहून निर्णय घेणे म्हणजे या प्रश्नाला बगल देणे.

पुटचा भाव चढा का असतो

पुट विकून चांगले पैसे मिळतात यामागे कारण आहे. निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये खालच्या स्ट्राइकचे पुट नेहमीच तुलनेने महाग असतात. म्युच्युअल फंड, परदेशी संस्था आणि मोठे गुंतवणूकदार यांच्याकडे शेअर आधीच असतात. त्यांना घसरणीचे संरक्षण हवे असते, म्हणून ते पुट घेतात. शिवाय निर्देशांक वर हळूहळू चढतो आणि खाली एकदम कोसळतो, हा अनुभव बाजाराच्या किमतीत मुरलेला आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये अमेरिकी बाजार एका दिवसात कोसळल्यानंतर हा फरक तिथल्या ऑप्शनच्या किमतींत ठळक झाला आणि पुढे कायम राहिला.

वरील उदाहरणातले प्रीमियमही याच फरकाने काढले आहेत. विकत घेतलेल्या कॉलमध्ये वार्षिक २० टक्के चढउताराची अपेक्षा धरली आहे, विकलेल्या पुटमध्ये २१ टक्के आणि विकलेल्या वरच्या कॉलमध्ये साडेअठरा टक्के. म्हणजे सीगल बांधणारा पुट महाग विकतो, पण वरचा कॉल स्वस्तात विकतो. पुटवर मिळणारा चढा भाव ही कोणाची चूक नव्हे. घसरण एकदम आणि खोल येऊ शकते, त्या जोखमीचा तो मोबदला आहे. जो हा मोबदला घेतो त्याने ती जोखीमही घेतलेली असते. बाजार शांत राहिला तर ते पैसे सहज मिळाल्यासारखे वाटतात आणि तशा शांत महिन्यांच्या मालिकेमुळेच ही रचना निर्धोक असल्याचा समज तयार होतो.

४ जूनचा दिवस

मतमोजणी सुरू झाली आणि निकाल चाचण्यांच्या अंदाजापेक्षा वेगळा येत असल्याचे दिसू लागले. काही तासांतच निफ्टी २१,२८१ पर्यंत घसरला. दिवसअखेर तो २१,८८४.५० वर बंद झाला, म्हणजे एका दिवसात १,३७९ पॉइंटांची, जवळजवळ सहा टक्क्यांची पडझड. चढउताराची अपेक्षा मोजणारा इंडिया व्हिक्स आदल्या दिवशी २१ च्या आसपास बंद झाला होता. तो दिवसभरात ३० च्या वर जाऊन आला.

अशा वेळी सीगलवर तीन गोष्टी एकदम आघात करतात. पहिली गोष्ट साधी आहे: बाजार खाली आला आणि पोझिशन तेजीची आहे. दुसरी गोष्ट घसरण वाढेल तशी वाढत जाते. बांधला तेव्हा निफ्टीच्या प्रत्येक पॉइंटमागे हा सीगल साधारण ०.५५ पॉइंट हलत होता. निफ्टी २१,८८४ वर आला तेव्हा तो साधारण ०.८ पॉइंट हलू लागला, कारण विकलेला पुट पैशात आला आणि विकत घेतलेला कॉल जवळजवळ निरुपयोगी झाला. म्हणजे बाजार जसजसा पडतो तसतशी तेजीची पोझिशन आपोआप मोठी होते. ज्याला पडत्या बाजारात माल कमी करायचा असतो, त्याच्या हाती ही रचना नेमका उलटा परिणाम देते.

तिसरी गोष्ट चढउताराच्या अपेक्षेची. सीगलमध्ये एक ऑप्शन विकत घेतलेला असतो आणि दोन विकलेले असतात. त्यामुळे ऑप्शन सर्वसाधारणपणे महागले की सीगलधारकाचे नुकसान होते. वरील उदाहरणात सुरुवातीच्या पातळीवर ही अपेक्षा एका टक्क्याने वाढली तर साधारण १८ पॉइंटांचा तोटा होतो, निफ्टी जागचा न हलताही. बाजार पडतो तेव्हाच व्हिक्स वाढतो, त्यामुळे दोन्ही फटके सहसा एकाच वेळी बसतात.

आता रुपयांत. ४ जूनच्या बंद भावाला या सीगलचा तोटा, एक्स्पायरीपर्यंत उरलेल्या दिवसांची किंमत धरून, सुमारे १,०३५ पॉइंट भरतो. एका लॉटमागे साधारण ७७,६०० रुपये. दिवसाच्या नीचांकाला हाच तोटा सुमारे १,६५० पॉइंट, म्हणजे १,२३,७५० रुपयांच्या घरात जातो. गुंतवले होते ३,००० रुपये. साध्या कॉल स्प्रेडवाल्याचा त्याच बंद भावाला सुमारे २३५ पॉइंट, म्हणजे साडेसतरा हजारांच्या आसपास तोटा झाला असता आणि तो शांतपणे थांबू शकला असता.

मार्जिन: न दिसणारा खर्च

सीगल ३,००० रुपयांत मिळतो हे वाक्य अपुरे आहे, कारण पुट विकणाऱ्याला एक्सचेंजकडे मार्जिन ठेवावे लागते. वरचा विकलेला कॉल खालच्या विकत घेतलेल्या कॉलने झाकलेला असतो, त्यासाठी फारसे मार्जिन लागत नाही. खरे मार्जिन लागते ते उघड्या पुटसाठी. ७५ युनिटचा एक लॉट म्हणजे त्या दिवशी साधारण साडेसतरा लाखांचा व्यवहार. मार्जिन त्याच्या १० टक्के धरले तर पावणेदोन लाख रुपये अडकतात. नफा ४९,५०० होणार तो या पावणेदोन लाखांवर. परताव्याची टक्केवारी ३,००० वर काढणे ही या रचनेतली सर्वांत सर्रास होणारी हिशेबातली फसगत आहे.

शिवाय हे मार्जिन स्थिर नसते. एक्सचेंजची पद्धत बाजाराच्या चढउतारावरून संभाव्य तोटा मोजते आणि दिवसातून अनेकदा तो नव्याने काढते. विकलेल्या पुटचा भाव वाढला की तेवढी जास्त रक्कम खात्यात असावी लागते. चढउताराची अपेक्षा वाढली की जोखमीपोटीची रक्कमही वाढते. म्हणजे घसरणीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी मागणी वाढते.

समजा, खात्यात दोन लाख रुपये होते. ३ जूनला पावणेदोन लाख मार्जिनमध्ये गेले, २५ हजार मोकळे राहिले. ४ जूनला दुपारपर्यंत सव्वा लाखाची जादा गरज निर्माण झाली. ब्रोकरकडून मार्जिन कॉल आला आणि पैसे वेळेत भरता आले नाहीत, तर ब्रोकर स्वतःहून पोझिशन स्क्वेअर ऑफ करतो. तेही अशा क्षणी, जेव्हा पुट सर्वांत महाग असतो आणि खरेदी-विक्रीच्या भावातले अंतर रुंदावलेले असते.

पुढे काय झाले ते पाहिले की या मुद्द्याचे वजन कळते. ५ जूनला निफ्टी २२,६२० वर बंद झाला. ७ जूनला तो ३ जूनच्या पातळीच्या वर गेला. २७ जूनला, म्हणजे याच सीगलच्या एक्स्पायरीला, तो २४,०४४.५० वर बंद झाला. म्हणजे शेवटपर्यंत थांबलेल्याला पूर्ण ६६० पॉइंटांचा नफा मिळाला असता. तेजीचे मत बरोबर होते, स्ट्राइक बरोबर होते, मुदतही बरोबर होती. तरीही ज्याच्या खात्यात ४ जूनची दुपार निभावण्याइतकी रोकड नव्हती, त्याचा व्यवहार मोठ्या तोट्यात बंद झाला असता. नुसता कॉल किंवा कॉल स्प्रेड घेणाऱ्यावर ही वेळ येत नाही, कारण त्याला मार्जिन कॉल येतच नाही. प्रीमियम भरून विकत घेतलेली मुख्य गोष्ट म्हणजे हा निवांतपणा असतो. सीगल बांधणारा तो विकून टाकतो आणि त्या बदल्यात खर्चात सूट मिळवतो.

या उदाहरणावरून थांबून राहिले की सगळे ठीक होते, असा धडा मात्र घेऊ नये. २०२४ मध्ये बाजार तीन दिवसांत सावरला. मार्च २०२० मध्ये तसे झाले नाही. तेव्हा निफ्टी आठवड्यांमागून आठवडे घसरत राहिला आणि २३ मार्चला एकाच दिवसात जवळजवळ १३ टक्के कोसळला. त्या महिन्याच्या सुरुवातीला बांधलेल्या सीगलला एक्स्पायरीपर्यंत थांबून काही मिळाले नसते. घसरण सुरू असताना ती २०२४ सारखी आहे की २०२० सारखी, हे कळायला मार्ग नसतो.

आयातदाराचा सीगल वेगळा का

हीच रचना डॉलर-रुपयात एखादा आयातदार वापरतो तेव्हा तिचा स्वभाव बदलतो. समजा, एका कारखान्याला तीन महिन्यांनी यंत्रसामग्रीसाठी डॉलर भरायचे आहेत आणि डॉलर महागण्याची भीती आहे. तो ५५ रुपयांचा डॉलर कॉल घेतो, ५८ चा कॉल विकतो आणि ५३ रुपये ५० पैशांचा पुट विकतो. डॉलर ५२ ला आला तर त्याला ५३.५० ने डॉलर घ्यावे लागतात. बाजारापेक्षा दीड रुपया जास्त जातो खरा, पण त्याला डॉलर हवेच होते. त्याच्या पुटच्या मागे खरी गरज उभी आहे. घसरण कितीही झाली तरी त्याचा खरेदीभाव ठरलेला राहतो. स्वस्त डॉलरचा लाभ घेणाऱ्या स्पर्धकापेक्षा तो मागे पडेल इतकेच.

आयातदाराचा धोका दुसऱ्या टोकाला असतो, विकलेल्या वरच्या कॉलमध्ये. मे २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याची शक्यता बोलून दाखवली आणि उदयोन्मुख देशांतून पैसा बाहेर पडू लागला. २८ ऑगस्टला रुपया डॉलरमागे ६८ च्याही पलीकडे गेला. मुदत त्या सुमारास संपली असती, तर वरील आयातदाराला सीगलमधून फक्त ३ रुपयांचे संरक्षण मिळाले असते, म्हणजे ६८ चा डॉलर त्याला ६५ ला पडला असता. साधा कॉल किंवा फॉरवर्ड करार केला असता तर तो ५५-५६ च्या आसपास सुटला असता. ५८ च्या वर डॉलर जाणार नाही या गृहीतकावर त्याने प्रीमियम वाचवला आणि ज्या मोठ्या संकटासाठी संरक्षण हवे असते, नेमके तेच उघडे राहिले.

म्हणून एकच रचना दोन हातांत दोन वेगळ्या ठिकाणी मोडते. नुसते मत म्हणून सीगल बांधणाऱ्याला धोका खालच्या पुटचा आहे. संरक्षण म्हणून बांधणाऱ्याला धोका वरच्या कॉलचा आहे. आपण कोणत्या बाजूचे, हे आधी ठरवल्याशिवाय स्ट्राइक निवडता येत नाहीत.

स्ट्राइक, मुदत आणि बचाव

पुटची स्ट्राइक बऱ्याचदा उलट्या दिशेने निवडली जाते. आधी कॉल स्प्रेडची किंमत काढायची, मग तेवढा प्रीमियम कोणत्या पुटमधून मिळतो ते शोधायचे, म्हणजे खर्च शून्य होईल. या पद्धतीत पुटची पातळी बाजाराच्या भीतीवरून ठरते, घेणाऱ्याच्या ऐपतीवरून ठरत नाही. सरळ पद्धत अशी की ज्या भावाला आपण खरोखर माल घ्यायला तयार आहोत आणि ज्यासाठी पैसा बाजूला ठेवला आहे, त्या पातळीचा पुट विकायचा आणि जो काही खर्च उरेल तो मान्य करायचा. वरील उदाहरणात २२,८०० ऐवजी २२,३०० चा पुट विकला असता तर त्याचे साधारण १५० पॉइंट मिळाले असते. खर्च ४० वरून १५० वर गेला असता, पण घसरणीला ५०० पॉइंटांची जागा मिळाली असती.

शेअरवरच्या ऑप्शनमध्ये हा विचार आणखी काटेकोर असावा लागतो. निफ्टीचे ऑप्शन रोखीने मिटतात. वैयक्तिक शेअरच्या ऑप्शनमध्ये भारतात आता प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. विकलेला पुट पैशात राहून एक्स्पायर झाला तर पूर्ण लॉटचे शेअर घ्यावे लागतात आणि त्याची पूर्ण रक्कम भरावी लागते. एक्स्पायरी जवळ येईल तसे त्यासाठीचे मार्जिनही चढत जाते. शिवाय एखादा शेअर एका वाईट बातमीवर जेवढा कोसळू शकतो, तेवढा निर्देशांक सहसा कोसळत नाही.

उतरणीला तळ हवा असेल तर चौथा व्यवहार जोडता येतो: विकलेल्या पुटच्या खालचा एक पुट विकत घ्यायचा. उदाहरणात २२,००० चा पुट साधारण १०५ पॉइंटांना पडतो. एकूण खर्च ४० वरून १४५ होतो, जास्तीत जास्त नफा ६६० वरून ५५५ वर येतो, पण तोटा ९४५ पॉइंटांवर कायमचा बांधला जातो. ४ जूनच्या नीचांकाला उघड्या सीगलचा तोटा १,६५० पॉइंट होता. हा चौथा पुट असता तर तो ७०० च्या आसपास राहिला असता. मार्जिनही सुरुवातीपासून बरेच कमी लागले असते. आता ही रचना जवळजवळ फुकट राहत नाही, पण तिचा सर्वांत वाईट दिवस आधीच माहीत असतो.

व्यवहार टाकण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. विकत घ्यायचे ऑप्शन आधी घ्यावेत आणि विकायचे नंतर विकावेत, म्हणजे मध्येच मार्जिन फुगत नाही. बाहेर पडताना उलटा क्रम: विकलेले आधी परत घ्यायचे. घाईत खालचा कॉल आधी विकून टाकला तर वरचा विकलेला कॉल उघडा पडतो आणि क्षणात मोठ्या मार्जिनची मागणी येते. दूरच्या स्ट्राइकमध्ये सौदे विरळ असतील तर तीन ठिकाणच्या भावातल्या अंतरातच ४० पॉइंटांचा खर्च दुप्पट होऊ शकतो, म्हणून आधी प्रत्यक्ष खरेदी-विक्रीचे भाव पाहूनच हिशेब मांडावा.

पोझिशन बिघडत चालल्याची खूण खिशातून गेलेल्या प्रीमियममध्ये दिसत नाही, ती विकलेल्या पुटच्या भावात दिसते. २६० ला विकलेला पुट ५०० वर गेला असेल तर निफ्टी अजून २२,८०० च्या वर असला तरी जोखीम मूळ आराखड्याच्या बाहेर गेली आहे. दुसरी खूण म्हणजे खात्यातली मोकळी रोकड. निर्देशांक एका दिवसात सहा टक्के खाली आणि व्हिक्स दहा अंकांनी वर, या एकाच प्रश्नाचे उत्तर रुपयांत काढून ठेवले आणि तेवढी रोकड खात्यात नसेल, तर पोझिशन मोठी आहे असे समजावे. बहुतेक ब्रोकरांच्या मार्जिन गणकावर आणि पेऑफच्या आलेखावर हे पाच मिनिटांत पाहता येते.

ज्याला त्या स्ट्राइकवर माल घ्यायचाच आहे, ज्याच्याकडे त्यासाठीचा पैसा वेगळा ठेवलेला आहे आणि ज्याला बाजार मर्यादित वर जाईल असे वाटते, त्याच्यासाठी सीगल ही विचारपूर्वक केलेली तडजोड आहे. महाग प्रीमियम टाळता येतो आणि बाजार स्थिर राहिला तरी नुकसान नगण्य असते. ज्याच्याकडे फक्त मत आहे आणि थोडे पैसे आहेत, त्याच्यासाठी महाग वाटणारा कॉल स्प्रेडच अखेरीस स्वस्त ठरतो, कारण त्यातला तोटा पहिल्या दिवशी भरून झालेला असतो.